ट्रॅकपॅड दाबला जात नाही? आधी बॅटरी बघा, आणि या चुका टाळा

लॅपटॉप दुरुस्तीला आला तेव्हा तक्रार साधी होती: ट्रॅकपॅड क्लिक होत नाही. मालकाने ड्रायव्हर दोनदा काढून पुन्हा टाकला होता, शेवटी विंडोजसुद्धा नव्याने चढवली होती. मी लॅपटॉप बंद करून सपाट टेबलावर ठेवला आणि एका कोपऱ्याला हलकेच बोट लावलं, तर तो पाटासारखा डुगडुगला. खालचं झाकण मधोमध फुगलं होतं. ट्रॅकपॅड चांगलाच होता; त्याच्या खालची बॅटरी त्याला वर ढकलत होती.

बहुतेक लॅपटॉपमध्ये बॅटरी तळहात टेकतो त्या भागाखाली आणि ट्रॅकपॅडखाली असते, आणि मध्ये जागा जेमतेम काही मिलिमीटर. त्यामुळे फुगवटा पहिल्यांदा तिथेच जाणवतो. ट्रॅकपॅड कडक होतो, त्याची एक कड वर येते, झाकण नीट मिटत नाही किंवा खालच्या दोन भागांत फट पडते. फोनमध्ये मागचं आवरण किंवा स्क्रीन एका बाजूने उचलली जाते. स्क्रीनवर हात लावला नसतानाही दाबल्यासारखा फिकट डाग दिसतो. शंका असेल तर फोन कव्हरमधून काढा, बंद करा आणि स्क्रीन खाली करून टेबलावर ठेवा. मागच्या बाजूला कॅमेऱ्याचा उंचवटा असतो, म्हणून फोन पाठीवर ठेवला तर फसगत होते. बोटाने हळूच ढकलल्यावर तो भोवऱ्यासारखा गरगर फिरला, तर मध्ये फुगवटा आहे असं समजा. उचललेली कड दाबून पुन्हा बसवायचा मोह होतो. तो आवरा, कारण तो दाब थेट बॅटरीवर जातो.

सॉफ्टवेअरवर विसंबून राहणं ही दुसरी मोठी चूक. त्या लॅपटॉपच्या मालकाने ही कमांड चालवून बॅटरीचा अहवाल काढला होता:

```
powercfg /batteryreport
```

मूळ क्षमता 50,000 mWh आणि पूर्ण चार्जची क्षमता 41,000 mWh, म्हणजे 82 टक्के. आकडा बरा दिसला, म्हणून त्यांनी बॅटरीवरचा संशयच काढून टाकला. पण हा अहवाल बॅटरीत किती वीज मावते एवढंच सांगतो. बॅटरीचं पाकीट किती फुगलंय हे मोजणारं काही त्यात नसतं. 82 टक्के क्षमतेची बॅटरीही टम्म फुगलेली असू शकते, आणि 60 टक्क्यांवर आलेली अगदी सपाट असू शकते.

फुगते कशामुळे? या बॅटरीचा सेल म्हणजे अॅल्युमिनियमचा पातळ थर असलेलं सीलबंद पाकीट. आत धन आणि ऋण पट्ट्या, त्यांच्यामध्ये प्लॅस्टिकचा अतिशय पातळ पडदा आणि सगळं भिजवणारं ज्वलनशील द्रावण. हे द्रावण हळूहळू विघटन पावतं आणि त्याचा वायू होतो. पाकीट बंद असल्याने वायू आतच साठतो. वय झालं की हे थोडंफार होतंच, पण उष्णता आणि सतत 100 टक्के चार्ज यांची जोडी त्याला चांगलाच वेग देते. दुरुस्तीला आलेला हा लॅपटॉप वर्षभर चार्जरला लावलेला होता, तोही गरम हवा बाहेर टाकणारी जाळी भिंतीला टेकवून. फोन पडून सेलला मार बसणं, किंवा उपकरण महिनोन्‌महिने पूर्ण रिकामं पडून राहणं, हीही कारणं असतात.

आता धोक्याचं. फुगलेली बॅटरी बॉम्बसारखी आपोआप फुटेलच असं नाही; बऱ्याच बॅटऱ्या पेट न घेता बदलल्या जातात. पण तिची सहनशक्ती संपलेली असते. पाकीट ताणलेलं, आतले थर जागचे हललेले. अशा वेळी टोचलं, वाकवलं किंवा चार्ज केलं आणि मधला पडदा फाटला, तर आतल्या आत शॉर्ट होतो. त्या उष्णतेने आणखी रासायनिक क्रिया सुरू होते, ती आणखी उष्णता देते, आणि काही सेकंदांत तापमान काहीशे अंशांवर जातं. निघणारा धूर विषारी असतो. म्हणूनच ‘सुईने टोचून हवा काढून टाका’ हा सल्ला अत्यंत घातक आहे. बाहेर येईल तो ज्वलनशील वायू, आणि सुई जाईल ती थेट पट्ट्यांमधून.

फुगवटा दिसला की चार्जर काढा आणि उपकरण बंद करा. बॅटरी ‘उतरवण्यासाठी’ मुद्दाम तासन्‌तास वापरत बसू नका. उपकरण फरशीवर किंवा दगडी ओट्यावर ठेवा, कागद-कापड-गादीपासून दूर, जिथे झोपता तिथे नाही. हवाबंद डब्यात कोंबू नका, फ्रीजमध्येही ठेवू नका. गोडसर, नेलपॉलिशसारखा वास येत असेल तर पाकीट कुठेतरी उघडलंय असं धरा. हात लावू नका, खिडकी उघडा आणि खोलीतून बाहेर व्हा. फुसफुस आवाज, धूर किंवा वाढती उष्णता जाणवली तर दार ओढून घ्या, सगळ्यांना बाहेर काढा आणि अग्निशमन दलाला कळवा. विझलेली दिसली तरी अशी बॅटरी पुन्हा पेट घेऊ शकते.

‘आधी डेटा काढून घेतो’ म्हणून लोक पुन्हा चार्जर लावतात, इथे हमखास चूक होते. डेटा बॅटरीत नसतो. बॅटरी बदलल्याने फोनची मेमरी पुसली जात नाही, आणि लॅपटॉपची डिस्क बहुतेक वेळा सुटी काढता येते. या लॅपटॉपमध्येही मी आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवला, मग डिस्क काढून डेटा वेगळा घेतला. बॅटरी गोंदाने चिकटवलेली असेल तर घरी स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका. टोचण्याचे अपघात असेच होतात. दुरुस्तीसाठी कुरिअरनेही पाठवू नका. फुगलेल्या बॅटऱ्या विमानातून न्यायला मनाई आहे, आणि खोक्यात ती कशाखाली दबेल याचा नेम नसतो. जुनी बॅटरी कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या, आणि ती फुगलेली आहे हे आवर्जून सांगा.

नवी बॅटरी त्याच पार्ट नंबरची घ्या आणि बनवल्याची तारीख बघा. वर्षानुवर्षं कपाटात पडलेली ‘नवी’ बॅटरीही म्हातारी झालेली असते. बसवण्याआधी खालचं झाकण वाकलं आहे का, स्क्रू धरणारे खांब तुटले आहेत का, हे तपासायला हवं. या लॅपटॉपमध्ये एक खांब तुटला होता. त्याचा तुकडा नव्या बॅटरीखाली राहिला असता, तर तोच पुढे टोचला असता. फोनची स्क्रीन एकदा उचलली गेली असेल तर पाणीरोधक चिकटपट्टी गेलेली असते. ती नवी लावली नाही तर तो फोन पाण्यापासून जपावा लागतो.

बॅटरी बसल्यावर ट्रॅकपॅड लगेच पूर्वीसारखा वाजू लागला. पहिलं चार्जिंग मी टणक पृष्ठभागावर, समोर बसून केलं: कोमट होणं ठीक, हात ठेववत नाही इतकं गरम होणं नाही. मग सेटिंगमध्ये चार्जची मर्यादा 80 टक्क्यांवर लावली, कारण हा लॅपटॉप पुन्हा दिवसभर चार्जरलाच राहणार होता. मालकाला सांगितलं, भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, आणि महिन्यातून एकदा टेबलावर ठेवून डुगडुगतोय का बघा.