‘तिथे’ म्हणजे कुठे: पुढचा प्रश्न शोधाआधी पूर्ण करून घ्या

संवादी शोधात, म्हणजे गप्पांसारखे एकामागून एक प्रश्न विचारून माहिती शोधताना, वापरकर्ता आधी ‘राजगड आणि रायगड यांत उंच कोणता?’ असे विचारतो, ‘राजगड’ हे उत्तर मिळते आणि मग तो ‘तिथे रोपवे आहे का?’ असे विचारतो. हे वाक्य जसेच्या तसे शोधयंत्राकडे गेले, तर जिथे रोपवे खरोखरच आहे त्या रायगडाची पाने वर येतात आणि ठाम, पण चुकीचे उत्तर मिळते. म्हणून शोधापूर्वी भाषा-मॉडेलकडून प्रश्नाचे ‘राजगड किल्ल्यावर रोपवे आहे का?’ असे स्वयंपूर्ण रूप करून घ्यावे. येथे ‘तिथे’चा संदर्भ मागील उत्तरात दडलेला असल्याने पुनर्लेखन करणाऱ्या मॉडेलला केवळ आधीचे प्रश्न नव्हे, तर शेवटचे उत्तरही द्यावे लागते, बहुतेकांकडून नेमके हेच राहून जाते.

मॉडेलला दिलेल्या सूचनेत दोन बंधने स्पष्ट लिहावीत: प्रश्नाचे उत्तर देऊ नये, आणि प्रश्न आधीच पूर्ण असल्यास त्याला हात लावू नये. अन्यथा ‘पुण्यात उद्या पाऊस आहे का?’ या नव्या विषयालाही राजगड चिकटतो. मूळ व पुनर्लिखित प्रश्न नोंदवहीत शेजारी-शेजारी ठेवले, की चूक पुनर्लेखनात झाली की शोधात, हे लगेच कळते.