घरात बसूनही 'घरी आलो'चे दिवे लागत होते: ब्लूटूथ सिग्नलचा घोळ

फोन घरातच, तरी मध्येच 'घरी आलो' ऑटोमेशन चालायचं. नियम असा होता: घरातल्या रिसीव्हरला मिळणारा फोनचा ब्लूटूथ सिग्नल -75 डीबीएमच्या वर गेला की मी आलो, दिवे लावा. वैताग आला होता.

मर्यादा -85 केली, तर जिन्यातच दिवे लागायला लागले. रीडिंगची सरासरी घेतली, तर दार उघडून आत आल्यावरही अंधारच. लॉगमध्ये कारण दिसलं: टेबलावर फोन -62, तोच मागच्या खिशात -84. 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरी शरीरातलं पाणी शोषतं, शिवाय भिंतींवरून परावर्तन होतं. त्यामुळे हा आकडा म्हणजे अंतर नव्हे.

शेवटी जमलं ते या क्रमाने:

1. 'बाहेर' नावाचा टॉगल हेल्पर, म्हणजे ऑटोमेशनमधला चालू-बंद स्विच, बनवला.
2. फोन जीपीएसच्या 150 मीटर झोनबाहेर सलग 5 मिनिटं राहिला, तरच टॉगल चालू होतो.
3. टॉगल चालू असताना घरातल्या रिसीव्हरला फोन दिसला, सिग्नल कितीही असो, की दिवे लागतात.
4. लगेच टॉगल बंद.

ब्लूटूथ गायब झालं तर काहीच करायचं नाही. फोन बॅटरी वाचवायला प्रसारण थांबवतो. जिन्यात दिवे थोडे आधी लागतात, ते चालतं. कुलूप मात्र यावर सोडू नका.