दुकानदाराचा डॅशबोर्ड: तीन तक्ते पुरेत

डेटा ॲनालिटिक्स नव्याने शिकणाऱ्यांचे पोर्टफोलिओ मी अधूनमधून बघतो. बहुतेकांकडे टॅब्लो या तक्ते काढायच्या सॉफ्टवेअरसोबत येणारा Superstore हा नमुना डेटा असतो. त्यावर दहा-बारा तक्ते, एक नकाशा आणि दोन पाय चार्ट. दिसायला छान. पण तो डॅशबोर्ड बघून उद्या सकाळी कोण काय वेगळं करणार, असं विचारलं की उत्तर येत नाही. म्हणून सांगलीतल्या एका किराणा दुकानासाठी केलेलं काम इथे लिहितोय. दुकान छोटं, मालक आणि दोन पोरं, कॉम्प्युटरवर बिलिंग, उधारी मात्र वहीत. गूगल शीट्सवर काम भागलं. खरा वेळ गेला तो काय ठेवायचं आणि काय काढायचं हे ठरवण्यात.

सॉफ्टवेअर उघडण्याआधी मी कागदावर पेन्सिलने सात तक्ते काढले, खोट्या आकड्यांचे. ते काउंटरवर ठेवून मालकांना प्रत्येकासाठी एकच विचारलं, "काका, हा असा दिसला तर तुम्ही काय कराल?" तासागणिक विक्रीच्या तक्त्यावर ते म्हणाले, "सकाळी नऊला न् संध्याकाळी सातला गर्दी असते, ते मला ठाऊक आहे. त्यासाठी कॉम्प्युटर कशाला?" तो गेला. रोख आणि यूपीआयची टक्केवारीही गेली, कारण त्यावरून काही ठरत नव्हतं. ज्यावर त्यांनी "मग मी अमुक करीन" असं म्हटलं, ते तीनच उरले: आज धंदा नेहमीसारखा आहे का, पैसा कुठल्या मालात सुटतो, आणि उधारी किती जुनी झाली आहे.

पहिला तक्ता सर्वात साधा वाटतो आणि सर्वात जास्त फसवतो. आजची विक्री कालच्या विक्रीशी लावली तर दर सोमवारी धंदा बसल्यासारखा दिसतो, कारण काल रविवार होता. म्हणून सोमवार सोमवारशीच लावायचा. मी मागच्या चार त्याच वारांची सरासरी घेतली. चार आठवडे घेतल्याने महिन्याच्या पहिल्या आठवड्यातली पगाराची खरेदीही त्यात येते. तरी एक तारखेच्या आसपास रेघ वर जाणार आणि शेवटच्या आठवड्यात खाली येणार, हे मालकांना आधीच सांगून ठेवलं.

शीटमध्ये दर तारखेला एक ओळ हवी, दुकान बंद असलं तरी. ओळ गाळली की सात ओळी वरचा आकडा भलत्याच वाराचा निघतो. बंद दिवशी शून्यही नको, नाहीतर सरासरी खाली ओढली जाते. `Bill` शीटच्या A स्तंभात तारीख आणि C मध्ये रक्कम आहे असं धरा. मग रोजच्या शीटमधल्या तिसाव्या ओळीत पहिलं सूत्र विक्रीचं, दुसरं सरासरीचं:

```
B30: =IF(COUNTIF(Bill!A:A,A30)=0,"",SUMIFS(Bill!C:C,Bill!A:A,A30))
C30: =AVERAGE(B2,B9,B16,B23)
```

बंद दिवसाचा रकाना रिकामा दिसतो आणि `AVERAGE` त्याला मोजत नाही. सगळाच स्तंभ रिकामा आला, तर बिलाच्या तारखेला वेळ चिकटलेली असते. वेगळ्या स्तंभात `=INT(A2)` करून वेळ काढायची आणि सूत्रात तो स्तंभ वापरायचा.

आता C मध्ये नक्की कुठली रक्कम घ्यायची? बिलाची एकूण रक्कम नको, कर लावण्याआधीची रक्कम घ्या. 22 सप्टेंबर 2025 पासून साबण, टूथपेस्ट, शॅम्पू, बिस्किटं यांवरचा जीएसटी 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. कराआधी 100 रुपयांची असलेली वस्तू 118 ला जायची, ती 105 ला जाऊ लागली. तेवढेच नग विकले तरी एकूण रकमेची रेघ त्या मालात 11 टक्क्यांनी खाली येते, आणि दुकानदार गिऱ्हाईक कुठे गेलं म्हणून शोधत बसतो. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत दुकानदार एकूण उलाढालीवर ठरावीक दराने कर भरतो, म्हणून अशा दुकानाच्या बिलात कर वेगळा दिसत नाही. तिथे अशा मालाचे नग मोजावेत.

दिवाळीचंही तसंच. लक्ष्मीपूजन 2024 मध्ये 1 नोव्हेंबरला होतं आणि 2025 मध्ये 21 ऑक्टोबरला. ऑक्टोबरला ऑक्टोबर लावला तर फराळाच्या मालाची तुलनाच चुकते. त्या काळापुरता मी खालचा अक्ष तारखेऐवजी "लक्ष्मीपूजनाला उरलेले दिवस" असा केला. रवा, मैदा, बेसन कधी भरून ठेवायचं हे त्यावरून कळतं.

दुसरा तक्ता मालाच्या गटांचा, आडव्या पट्ट्यांचा. इथे नवशिके विक्री दाखवतात, मी नफा दाखवला. दोन्हींत फरक किती पडतो ते बघा. समजा, महिन्यात तेल 1,20,000 रुपयांचं गेलं आणि त्यात 4 टक्के सुटले, म्हणजे 4,800 रुपये. मसाले 30,000 चेच गेले, पण 18 टक्क्यांनी 5,400 सुटले. विक्रीच्या तक्त्यात तेल राजा, नफ्याच्या तक्त्यात मसाले पुढे. काकांनी हे बघून तेल बंद केलं नाही, करूही नये, कारण गिऱ्हाईक तेलासाठी येतं आणि जाताना मसाला नेतं. त्यांनी मसाल्याची पाकिटं मागच्या फळीवरून काउंटरजवळ आणली.

या तक्त्याचा कच्चा दुवा म्हणजे खरेदीचा दर. तेलाचा भाव हलतो आणि बिलिंगमध्ये मात्र दोन महिन्यांपूर्वीचा दर पडून असतो. एखाद्या गटाचा नफा अचानक दुप्पट दिसला किंवा उणे गेला, तर आधी शेवटचं खरेदी बिल काढून दर ताडून बघा. दर आठवड्याला सगळे दर बदलत बसणं दुकानदाराला जमत नाही. आम्ही तेल, साखर, डाळी आणि तांदूळ एवढेच दर माल उतरला की भरायचे असं ठरवलं.

तिसरा तक्ता उधारीचा, तीन पट्ट्या: 15 दिवसांपर्यंत, 16 ते 30, आणि त्याहून जुनी. उधारीची एकूण रक्कम दाखवून उपयोग नाही. पगारावर देणाऱ्यांची रक्कम दर महिन्याला वाढते आणि फिटते, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. बघायची ती तिसरी पट्टी. ती दोन महिने सलग वाढली तर वसुलीला लागायचं. वहीतून शीटमध्ये नोंद रोज रात्री गल्ला मोजताना करायची, नाहीतर तक्ता मागे पडतो. आणि नावं या पानावर अजिबात नकोत. स्क्रीन काउंटरवर असते, गिऱ्हाईक वाकून बघतं, आणि शेजारणीचं नाव लाल पट्टीत दिसलं की गल्लीभर होतं. नावांची यादी वेगळ्या शीटमध्ये, ती फक्त मालकांच्या फोनवर.

मांडणी फोनची धरूनच केली: एकाखाली एक तीन तक्ते, तक्त्यांची नावं मराठीत, आणि आकडे 1,20,000 असे. 120,000 असं लिहिलेलं आपल्याकडे पटकन वाचता येत नाही. लाखांचा स्वल्पविराम आपोआप आला नाही तर शीट्सच्या Custom number format मध्ये हे टाका:

```
[>=10000000]##\,##\,##\,##0;[>=100000]##\,##\,##0;##,##0
```

उणे आकडे लाखावर गेले तर ही रचना त्यांना नीट धरत नाही, पण एवढ्याशा दुकानाच्या डॅशबोर्डात ती वेळ येत नाही.

महिन्याभराने काकांनी चौथा तक्ता मागितला, मुदत संपत आलेल्या मालाचा. मागणी रास्त होती, पण त्यांच्या बिलिंगमध्ये खरेदी करताना मुदतीची तारीख भरलीच जात नव्हती. ती भरायला पोरांनी सुरुवात केली आहे, आधी फक्त बिस्किटं आणि दुधाच्या पदार्थांसाठी.