देणगीच्या आभारपत्रातून पावती वेगळी काढा

समजा, इंदूरच्या एका मराठी वाचनालयाला एका काकूंनी यजमानांच्या स्मरणार्थ बालविभागासाठी ११,००० रुपये दिले. पहिला मसुदा बहुधा असा होतो: ‘आपली रु. ११,०००/- ची देणगी प्राप्त झाली. पावती सोबत जोडली आहे. भविष्यातही असेच सहकार्य अपेक्षित आहे.’

यात चूक काही नाही, पण काकू कुठेच नाहीत. शेवटचं वाक्य तर आभार मानता मानता पुन्हा हात पसरतं. ते आधी खोडा. रक्कम, तारीख, पॅन आणि करसवलतीचा तपशील पावतीवर जाऊ द्या. ती वेगळा कागद म्हणून त्याच पाकिटात घाला, म्हणजे हिशेबासाठी काकूंना पत्र जपून ठेवावं लागणार नाही.

मग पत्र असं होतं:

‘आदरणीय काकू, सा. न. वि. वि.
काकांच्या नावानं बालविभागात ६२ नवी पुस्तकं आली. प्रत्येकाच्या पहिल्या पानावर त्यांचं नाव आहे. रविवारी मुलांनी त्यातली १९ घरी नेली. एकदा बघायला या, संध्याकाळी सहानंतर मुलं असतात.’

हे आकडे नोंदवहीतूनच घ्या. पुस्तकं अजून आली नसतील तर ‘यादी झाली, पुढच्या महिन्यात येतील’ एवढंच लिहा, आणि त्यासाठी पत्र अडवू नका. आठवड्याच्या आत जाऊ द्या. काकांचं नाव मात्र दोनदा तपासा. स्मरणार्थ दिलेल्या देणगीत तिथली चूक फार लागते. सही अध्यक्षांची, शाईची. रबरी शिक्का पावतीवरच शोभतो.