बिलाचा साचा: सूत्र टाकण्याआधी आणि टाकल्यावर

समजा, सांगलीत पाइप आणि ठिबकचं सामान विकणारं दुकान आहे. गिऱ्हाईक तासगाव-जतकडचं आहे, तसंच कर्नाटकातल्या कागवाड-अथणीकडचंही. पीव्हीसी पाइपवर १८ टक्के जीएसटी, ठिबकच्या लॅटरलवर ५. एवढ्यावरूनच साचा कसा असावा हे ठरतं: कराचा दर बिलाच्या तळाशी एकदा लिहून चालणार नाही, तो प्रत्येक ओळीत लागेल.

स्प्रेडशीट उघडण्याआधी मालाची यादी काढा: नाव, एचएसएन, दर, जीएसटी टक्का. बिल नंबरची पद्धतही आधीच ठरवा. नंबर जास्तीत जास्त १६ अक्षरांचा, आर्थिक वर्षात पुन्हा न येणारा आणि ओळीने चढणारा हवा, SNG/25-26/0041 चालेल.

मग रकाने आखा. A पासून L पर्यंत अनुक्रमे माल, एचएसएन, नग, दर, रक्कम, सूट, करपात्र रक्कम, जीएसटी टक्का, सीजीएसटी, एसजीएसटी, आयजीएसटी आणि एकूण. अकरावी ओळ मथळ्याची, माल १२ ते २६ मध्ये, बेरजा २७ मध्ये. वर B7 मध्ये माल जिथे पोचणार त्या राज्याचा कोड आणि B8 मध्ये ठोक सूट. B7 चं फॉरमॅट टेक्स्ट ठेवा आणि तिथे फक्त 27 आणि 29 चा ड्रॉपडाउन लावा: 27 म्हणजे महाराष्ट्र, 29 म्हणजे कर्नाटक. हा खाना रिकामा राहिला किंवा आकडा म्हणून भरला गेला, तर खालचं सूत्र तासगावच्या बिलावरही गुपचूप परराज्याचा आयजीएसटी लावेल.

खरी गफलत होते ती सुटीत. दुकानदार म्हणतो, “हजार रुपये कमी करा”, आणि लिहिणारा ते शेवटच्या बेरजेतून वजा करतो. पण बिल देतानाच दिलेली आणि बिलावर दाखवलेली सूट कराआधी वजा होते. आणि ओळींचे दर वेगळे असतील तर ती रकमेच्या प्रमाणात वाटावी लागते. साधं प्रमाण काढून प्रत्येक ओळ राउंड केली, की कधीकधी वाटलेली सूट ९९९.९९ भरते. म्हणून मी वाटप चढत्या बेरजेने करतो: इथपर्यंत किती सूट यायला हवी, त्यातून वर दिलेली वजा. अशाने शेवटच्या ओळीला हिशेब नेमका जुळतो.

```
E12: =ROUND(C12*D12,2)
E27: =SUM(E12:E26)
F12: =IF($E$27=0,0,ROUND(SUM(E$12:E12)/$E$27*$B$8-SUM(F$11:F11),2))
G12: =E12-F12
I12: =IF($B$7="27",ROUND(G12*H12/2,2),0)
J12: =I12
K12: =IF($B$7="27",0,ROUND(G12*H12,2))
L12: =SUM(G12,I12:K12)
```

F11 मध्ये मथळा आहे, पण SUM अक्षरं सोडून देतं, त्यामुळे पहिल्या ओळीला वेगळं सूत्र लागत नाही. ही सूत्रं २६ व्या ओळीपर्यंत खाली ओढा आणि E27 ची बेरीज F, G आणि I ते L मध्येही न्या. H रकान्याला टक्क्याचं फॉरमॅट माल भरण्याआधीच द्या, नाहीतर 18 लिहिल्यावर अठरा टक्क्यांऐवजी अठरा पट कर लागेल.

ROUND टाळू नका. फॉरमॅट दोन दशांश दाखवतं, पण खान्यात पूर्ण आकडा तसाच राहतो. करपात्र रक्कम १,२३४.५० असलेल्या, ५ टक्के दराच्या चार ओळी घ्या. प्रत्येकीचा सीजीएसटी ३०.८६ दिसतो, मात्र आत ३०.८६२५ असतो. शीट बेरीज १२३.४५ दाखवते, कॅल्क्युलेटरवर दिसणारे आकडे मिळवले तर १२३.४४ येतात. गिऱ्हाईक हा पैसा पकडतोच.

शेवटी L28 मध्ये राउंड ऑफचा फरक, L29 मध्ये द्यायची रक्कम:

```
L29: =ROUND(L27,0)
L28: =L29-L27
```

आता साचा तपासा. ६४० रुपयांचे २० पाइप आणि ३,६०० रुपयांची लॅटरलची २ बंडलं भरा, B8 मध्ये 1000 आणि B7 मध्ये 27. रक्कम २०,००० होते, सूट ६४० आणि ३६० अशी वाटली जाते, करपात्र १२,१६० आणि ६,८४०. सीजीएसटी १,२६५.४०, एसजीएसटी तेवढाच, एकूण २१,५३०.८०. राउंड ऑफ ०.२०, म्हणजे घ्यायचे २१,५३१. तेच हजार करानंतर वजा केले असते तर २१,६६४ आले असते. गिऱ्हाइकाच्या माथी १३३.२० रुपये जास्त कर. B7 मध्ये 29 निवडल्यावर I आणि J शून्य व्हायला हवेत आणि K27 मध्ये २,५३०.८० यायला हवेत.

आकडे जुळले की बिल नंबर, माल, एचएसएन, नग, दर, टक्का आणि B7, B8 हेच खाने अनलॉक करून शीट प्रोटेक्ट करा. गर्दीच्या वेळी कुणीतरी सूत्रावरच आकडा टाइप करतं, आणि पुढची सगळी बिलं तोच आकडा घेऊन निघतात. एक्सेल असेल तर तपासणीसाठी भरलेले आकडे पुसून फाइल .xltx म्हणून सेव्ह करा, म्हणजे उघडताना दरवेळी कोरी प्रत मिळते.