x³ − 3x + 1 ला मूळ आहे हे लिहून दाखवताना

बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला कॅल्क्युलसच्या पेपरात एक प्रश्न हमखास असतो: अमुक समीकरणाला अमुक इंटर्व्हलमध्ये निदान एक वास्तव मूळ आहे हे सिद्ध करा. पोरं त्याला हातचा प्रश्न समजतात, आणि तसा तो आहेही. पण मी हा विषय शिकवतो, उत्तरपत्रिका तपासतो, आणि मार्क कुठे जातात ते दरवर्षी बघतो. आकडेमोड बहुतेकांची बरोबर असते. प्रमेय काय सांगतं आणि काय सांगत नाही, याचा गोंधळ असतो. म्हणून इथे एकच बहुपदी घेतो, f(x) = x³ − 3x + 1, आणि तिच्यावरच सगळं दाखवतो.

हीच का? कारण हिचे अवयव पडत नाहीत. पूर्णांक सहगुणकांच्या या बहुपदीला परिमेय मूळ असलंच तर ते 1 किंवा −1 असायला हवं. f(1) = −1 आणि f(−1) = 3, म्हणजे दोन्ही गेले. शाळेतल्या पद्धतीने मूळ हाती लागत नाही, आणि तरीही ते आहे असं छातीठोकपणे सांगायचं आहे. इंटरमीजिएट व्हॅल्यू थिअरम, वर्गातल्या भाषेत आयव्हीटी, इथेच कामाला येतो. तो म्हणतो: f हे फंक्शन [a, b] वर सतत असेल, आणि f(a) व f(b) यांच्या मधली कोणतीही संख्या k घेतली, तर a आणि b यांच्या दरम्यान असा एक c सापडतो की f(c) = k. मूळ हवं असेल तर k = 0 घ्यायचा. मग अट एवढीच उरते की f(a) आणि f(b) यांची चिन्हं विरुद्ध हवीत.

[0, 1] मध्ये मूळ आहे हे सिद्ध करा असं विचारलं, तर पूर्ण उत्तर असं:

> f(x) = x³ − 3x + 1 ही बहुपदी आहे, म्हणून f सर्वत्र सतत आहे; विशेषतः [0, 1] वर सतत आहे. f(0) = 1 > 0 आणि f(1) = −1 < 0. म्हणजे 0 ही संख्या f(1) आणि f(0) यांच्या मध्ये आहे. म्हणून आयव्हीटीनुसार (0, 1) मध्ये असा c आहे की f(c) = 0.

यातलं पहिलं वाक्य गाळणारे खूप. "ते तर उघडच आहे" असं म्हणतात. उघड आहे म्हणूनच अर्ध्या ओळीत लिहून टाका. प्रमेय वापरायचा तर त्याची अट पुरी झाली हे सांगावंच लागतं. प्रमेयाचं नाव गाळून "चिन्ह बदललं म्हणून मूळ आहे" एवढंच लिहिलं, तरी मी मार्क कापतो.

आता तोच प्रश्न जरा फिरवून विचारू: [0, 2] मध्ये मूळ आहे का? f(0) = 1, f(2) = 8 − 6 + 1 = 3. दोन्ही धन. इथे निम्मा वर्ग लिहितो, "चिन्ह बदलत नाही, म्हणून मूळ नाही." हे सपशेल चूक आहे. प्रमेय एकाच दिशेने चालतो: चिन्ह बदललं तर मूळ आहेच. चिन्ह बदललं नाही तर तो गप्प बसतो, हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. प्रत्यक्षात [0, 2] मध्ये दोन मुळं आहेत. मध्ये x = 1 घेऊन बघा: f(1) = −1. म्हणजे 0 ते 1 मध्ये एक आणि 1 ते 2 मध्ये दुसरं.

हा 1 सुचला कसा? इथे पूर्णांक टाकून बघताना तो सहज सापडला, पण नशिबावर विसंबायचं कारण नाही. डेरिव्हेटिव्ह घ्या: f′(x) = 3x² − 3, आणि तो x = 1 व x = −1 ला शून्य होतो. आलेख वळतो तो याच दोन ठिकाणी. दोन टोकांना चिन्ह सारखं असेल आणि मध्ये आलेख खाली जाऊन परत वर येत असेल, तर त्याचा तळ तपासायचा. तो तळ शून्याच्या खाली असला की काम झालं.

हे किती नाजूक असू शकतं ते बघायला शेवटचा आकडा बदलून g(x) = x³ − 3x + 1.99 घ्या. g(0.9) = 0.019 आणि g(1.1) = 0.021, दोन्ही धन. कॅल्क्युलेटरवर ०.२ ची पायरी धरून 0.9, 1.1, 1.3 असं कोष्टक केलं, तर इथे मूळ आहे अशी शंकाही येणार नाही. पण g(1) = −0.01. म्हणजे 0.9 आणि 1.1 यांच्यामध्ये चक्क दोन मुळं दडली आहेत. उलट 1.99 च्या जागी 2 घातले तर आलेख x = 1 ला अक्षाला नुसता टेकतो, कारण x³ − 3x + 2 = (x − 1)²(x + 2). तिथे मूळ आहे, पण 1 च्या आसपास चिन्ह बदलतच नाही. अशा मुळासाठी आयव्हीटीच्या मागे लागू नका. किंमत थेट टाकून शून्य दाखवा. आणि 2.01 घातले तर तळ 0.01 वर, म्हणजे तिथे मूळच नाही. कोष्टकातले आकडे तिन्ही वेळा जवळपास सारखेच दिसतात. फरक फक्त वळणाच्या बिंदूवर कळतो.

दुसरा गोंधळ "निदान एक" आणि "नेमकं एक" यांचा. मूळच्या f कडे परत या. f(−2) = −1 आणि f(2) = 3, म्हणून [−2, 2] मध्ये मूळ आहे हे बरोबर. पण एकच आहे असं कोण म्हणालं? f(−2) = −1, f(−1) = 3, f(0) = 1, f(1) = −1, f(2) = 3 ही यादी डावीकडून वाचत गेलं तर चिन्ह तीनदा बदलतं. म्हणून (−2, −1), (0, 1) आणि (1, 2) या प्रत्येकात निदान एक मूळ. तिसऱ्या कोटीच्या बहुपदीला तीनपेक्षा जास्त मुळं नसतात, त्यामुळे प्रत्येकात नेमकं एकच. ही युक्ती चालते ती मुळांची कमाल संख्या गाठली म्हणून. ती गाठली नसेल, तर त्या इंटर्व्हलमध्ये f′ चं चिन्ह एकच राहतं हे दाखवावं लागतं. उदाहरणार्थ (1, 2) मध्ये 3x² − 3 > 0, म्हणजे f सतत वाढतं आहे, आणि वाढणारं फंक्शन शून्य दोनदा घेऊ शकत नाही. मूळ "आहे" हे आयव्हीटीकडून, "दुसरं नाही" हे डेरिव्हेटिव्हकडून. ही दोन वाक्यं उत्तरात वेगवेगळी लिहा.

कधीकधी पुढे विचारतात की (1, 2) मधलं मूळ दोन दशांश स्थळांपर्यंत 1.53 आहे हे दाखवा. इथे f(1.53) शून्याच्या जवळ आहे एवढं दाखवून भागत नाही, जवळ म्हणजे किती, याला उत्तर नाही. 1.53 ला पूर्णांकित होणाऱ्या संख्यांची दोन टोकं तपासायची: f(1.525) ≈ −0.028 आणि f(1.535) ≈ 0.012. चिन्ह बदललं, म्हणून मूळ या दोघांच्या मध्ये आहे, आणि मग 1.53 हे सिद्ध झालं. आयव्हीटीचा हा उपयोग मला सगळ्यात आवडतो, कारण इथे अंदाजाचा पुरावा होतो.

सांतत्याची ओळ का लिहायची, हेही याच समीकरणावर दिसतं. समजा ते x² + 1/x = 3 असं वेषांतर करून आलं. दोन्ही बाजूंना x ने गुणलं की आपलंच x³ − 3x + 1 = 0. पण कुणी न गुणताच h(x) = x² + 1/x − 3 घेतलं आणि −0.1 व 0.1 टाकले, तर h(−0.1) = −12.99 आणि h(0.1) = 7.01. चिन्ह बदललं! तरी त्या दोघांच्या मध्ये मूळ नाही; x = 0 ला फंक्शनच तुटलेलं आहे, ते शून्यावरून न जाता खालून वर उडी मारतं. म्हणून छेदात x दिसला की आधी गुणून बहुपदी करायची, आणि गुणल्यावर आलेलं मूळ 0 नाही ना, तेवढं पाहायचं. इथे f(0) = 1 आहे, त्यामुळे ती भीती नाही.

वर्गात एखादा विचारतोच की आलेख काढल्यावर दिसतंय, मग पुरावा कशाला. प्रागच्या बोल्झानोने १८१७ साली याच मुद्द्यावर निबंध लिहिला: चित्रावर न विसंबता हे सिद्ध करायचं. त्याचं म्हणणं पटवायला मी फक्त परिमेय संख्यांच्या जगात जायला सांगतो. तिथे x² − 2 ची किंमत 1 ला −1 आणि 2 ला 2 आहे, बहुपदी तिथेही सतत आहे, आलेख कागदावर तितकाच सलग दिसतो, पण मूळ नाही, कारण √2 परिमेय नाही. आपल्या f चंही तसंच: तीनही मुळं अपरिमेय. वास्तव संख्यांमध्ये अशी भोकं नसतात, आणि आयव्हीटीचा सगळा भार त्यावर आहे.

शेवटी जरा अवघड प्रकार: इंटर्व्हल दिलेलाच नसतो. a, b कोणतेही असोत, x³ + ax + b ला वास्तव मूळ असतंच हे दाखवा. "x खूप मोठा घेतला की x³ जिंकतो" हे म्हणणं बरोबर, पण अर्धवट. किती मोठा ते सांगा. M = 1 + |a| + |b| घ्या. M ≥ 1 असल्यामुळे |b| ≤ |b|M, म्हणून x = M ला किंमत निदान M³ − |a|M − |b|M, म्हणजे M(M² − M + 1) एवढी येते, आणि ती धन आहे. x = −M ला त्याच हिशोबाने किंमत जास्तीत जास्त −M(M² − M + 1), म्हणजे ऋण. आता [−M, M] वर आयव्हीटी लावा. आपल्या f साठी हा M पाच येतो. खरं तर 2 पुरला असता, पण इथे छोटा इंटर्व्हल कुणी मागितलेलाच नाही.