दरमहा व्याज की क्युम्युलेटिव्ह एफडी: तुलना कशी करायची

शेजारच्या काकू बँकेतून आल्या त्या दोन आकडे लिहिलेली चिठ्ठी घेऊनच. पाच लाख रुपये, पाच वर्षं, व्याजदर 7 टक्के. दरमहा व्याज घेतलं तर महिन्याला 2,900 रुपये, म्हणजे पाच वर्षांत 1,74,000. क्युम्युलेटिव्हमध्ये ठेवलं तर शेवटी 7,07,389 रुपये, म्हणजे व्याज 2,07,389. काकू म्हणाल्या, "अरे, तेहतीस हजारांचा फरक आहे. मग महिन्याचं घेतं तरी कोण?"

त्यांची वजाबाकी बरोबर होती, पण ती दोन वेगळ्या वस्तूंची होती. पुढच्या महिन्यात हातात येणारे 2,900 आणि पाच वर्षांनी येणारे 2,900 एकाच भावाने मोजले, की क्युम्युलेटिव्ह ठेव दर वेळी जिंकणार. खरी तुलना करायची असेल तर दोन गोष्टी काढाव्या लागतात: प्रभावी वार्षिक परतावा आणि आजचं मूल्य. कॅल्क्युलेटरवर जमतं, मोबाइलमधल्या स्प्रेडशीटवर त्याहून लवकर होतं.

आधी पावतीवरचे आकडे स्वतः काढून बघा

आपल्याकडच्या बहुतेक बँका ठेवीवर तिमाही चक्रवाढ लावतात. म्हणजे 7 टक्के दर असेल तर दर तीन महिन्यांनी 1.75 टक्के मुद्दलात जमा होतात, आणि पाच वर्षांत असं वीस वेळा होतं. दरमहाच्या ठेवीत मात्र तिमाही संपायच्या आधीच व्याज तुमच्या हाती येतं, म्हणून बँक ते किंचित कापून देते. सेलमध्ये हे असं लिहायचं:

```
=500000*(1+7%/4)^20
=500000*((1+7%/4)^(1/3)-1)
```

पहिल्याचं उत्तर 7,07,389, दुसऱ्याचं 2,899.82, म्हणजे 2,900. सरळ 7 टक्क्यांचे बारा भाग केले असते तर 2,916.67 आले असते. हे सतरा रुपये कुठे गेले, असं लोक काउंटरवर तावातावाने विचारतात. ते कुठेही गेलेले नाहीत. तिमाहीचं पूर्ण व्याज 8,750 रुपये. पहिल्या महिन्याचे 2,900 दोन महिने 0.58 टक्के दराने वाढले तर 2,933.74 होतात, दुसऱ्या महिन्याचे 2,900 एक महिना वाढून 2,916.82, आणि तिसऱ्या महिन्याचे 2,900 तसेच. बेरीज करा: 8,750.56. वरचे छप्पन पैसे आपण 2,899.82 चे 2,900 केले म्हणून आले.

मग दोन्हींचा प्रभावी परतावा काढा

प्रभावी परतावा म्हणजे चक्रवाढ धरून एका वर्षात शंभर रुपयांचे खरोखर किती होतात ते.

```
=EFFECT(7%,4)
=(1+RATE(60,2900,-500000,500000))^12-1
```

पहिली ओळ क्युम्युलेटिव्हची, दुसरी दरमहाची. RATE मध्ये साठ हप्ते, दर हप्त्याला 2,900, आज दिलेले पाच लाख (उणे चिन्ह त्यासाठी) आणि शेवटी परत मिळणारे पाच लाख. उत्तर दोन्हीकडे 7.19 टक्के. म्हणजे बँकेने काकूंना कमी-जास्त काही दिलेलं नव्हतं. तेहतीस हजारांचा फरक पडतो तो दरमहाच्या ठेवीत व्याज वाटेतच काढून घेतलं, त्यावर पुढे व्याज चढलं नाही, म्हणून.

इथे एक सापळा आहे. काही ठिकाणी क्युम्युलेटिव्ह ठेवीसमोर "परतावा 8.30 टक्के" असं छापलेलं दिसतं. तो आकडा कसा येतो? पाच वर्षांचं एकूण व्याज 41.48 टक्के, भागिले पाच. खोटा नाही, पण कशाशीच तुलना करण्याजोगाही नाही, कारण चक्रवाढीने फुगलेली रक्कम सरळ व्याजासारखी वाटून टाकलेली असते. दहा वर्षांची ठेव असेल तर तोच आकडा आणखी गुबगुबीत दिसतो. असा आकडा बाजूला ठेवावा आणि EFFECT चालवावं.

हेच दोन वेगळ्या योजनांना लावून बघा. 2025 मध्ये पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेचा दर 7.4 टक्के होता आणि राष्ट्रीय बचत प्रमाणपत्राचा 7.7. दोन्ही पाच वर्षांच्या. पोस्ट मासिक व्याज बँकेसारखं कापून देत नाही, सरळ बारावा हिस्सा देतं, म्हणून 7.4 चा प्रभावी परतावा 7.66 टक्के होतो. प्रमाणपत्रावर चक्रवाढ वर्षातून एकदाच, म्हणून त्याचा 7.70. पाटीवर 0.30 चं अंतर, प्रत्यक्षात 0.04.

आता आजचं मूल्य, पण तुमच्या दराने

पुढे मिळणारी रक्कम आजच्या किती रुपयांइतकी, हे काढायला एक दर घ्यावा लागतो. 7.19 टक्के घेतला तर दोन्ही ठेवींचं आजचं मूल्य पाच लाखच येतं, फार तर शंभर रुपये इकडे-तिकडे. तेव्हा बँकेच्या दराने गणित करून निर्णय होत नाही. प्रश्न असा विचारायचा: महिन्याला येणाऱ्या 2,900 रुपयांचं माझ्याकडे काय होणार आहे?

समजा ते बचत खात्यात पडून राहणार आणि तिथे 2.5 टक्के मिळतात.

```
=PV(2.5%/12,60,-2900,-500000)
=PV(2.5%/12,60,0,-707389)
```

दरमहाची ठेव 6,04,700 आणि क्युम्युलेटिव्ह 6,24,350. क्युम्युलेटिव्ह सुमारे 19,650 रुपयांनी वरचढ. हीच गोष्ट शेवटून मोजली तर जास्त पटते. साठ महिने 2,900 बचत खात्यात साचले तर पाच वर्षांनी साधारण 1,85,100 होतात, मुद्दल धरून 6,85,100. क्युम्युलेटिव्हपेक्षा बावीस हजारांनी कमी. तुमच्या हातात पडलेला खरा परतावा 7.19 नाही, 6.50 टक्के. पावतीवरचा दर तोच राहिला, परतावा तुमच्या खात्यात येऊन सुस्तावला.

उलट बाजू बघा. एखाद्याच्या घराच्या कर्जाला 8.5 टक्के लागतात आणि दरमहाचं व्याज तो कर्जातच भरणार आहे. दर 8.5%/12 ठेवला की दरमहाची ठेव 4,68,700 आणि क्युम्युलेटिव्ह 4,63,150. इथे दरमहा साडेपाच हजारांनी पुढे. पण कोण पुढे ते बघून थांबू नका, दोन्ही आकडे पाच लाखांच्या खाली गेलेत हे बघा. म्हणजे या माणसाने एफडीच न करता पाच लाख कर्जात भरले तर ते दोन्हींपेक्षा फायद्याचं. अडीअडचणीसाठी थोडे हाताशी ठेवायचे असतील तर ती गोष्ट वेगळी.

थोडक्यात सीमारेषा 7.19 वर आहे. दरमहाचा पैसा त्याहून जास्त कमवत किंवा वाचवत असेल तर दरमहा, कमी कमवत असेल तर क्युम्युलेटिव्ह. महिन्याचं व्याज घरखर्चाला लागतच असेल तर विचारायचं की ते नसतं तर खर्च कुठून झाला असता. बचत खात्यात पडून असलेल्या पैशातून झाला असता, तर क्युम्युलेटिव्ह ठेवून तो पैसा वापरलेला बरा. दुसरी एफडी मोडावी लागली असती, तर दरमहाच घ्यावं.

कर आणि मोडणं, दोन्ही जोडून बघा

क्युम्युलेटिव्हचं व्याज हातात शेवटी येतं, पण बँक ते दरवर्षी जमा झालेलं दाखवते आणि टीडीएसचा हिशेबही दरवर्षीच होतो. पाच लाखांवर पहिल्या वर्षी व्याज 35,930 होतं, पाचव्या वर्षी 47,400. एप्रिल 2025 पासून बँकेतल्या ठेवींसाठी टीडीएसची मर्यादा वर्षाला 50,000 रुपये आहे, ज्येष्ठ नागरिकांना एक लाख. त्याच बँकेत दुसरी छोटी ठेव असली तरी साठीच्या आतला माणूस मर्यादा सहज ओलांडतो. मग टीडीएस त्या वाढत्या रकमेतूनच कापला जाऊ शकतो, आणि मुदत संपल्यावर 7,07,389 पेक्षा कमी हातात आले की लोक बँकेला चुकीचं ठरवतात. टीडीएस कापला नाही तरी कर देणं असेल तर ते दरवर्षी खिशातून भरावं लागतं. 20 टक्क्यांच्या टप्प्यात, उपकर धरून, पहिल्याच वर्षी सुमारे 7,470 रुपये, आणि व्याज तर अजून दिसलेलंही नाही. असे पैसे उभे करायला जड जात असतील तर आजच्या मूल्याच्या गणितात ती वजाबाकीही लिहा.

मोडण्याचा धक्का दरमहाच्या ठेवीत जास्त बसतो. मुदतीआधी ठेव मोडली की जितके दिवस ठेवली तितक्या मुदतीचा दर लागतो आणि त्यातून बहुतेक बँका दंड कापतात. समजा दोन वर्षांनी मोडली, दोन वर्षांचा दर 6.5 होता आणि दंड 1 टक्का. लागू दर 5.5, त्याने महिन्याचे 2,281 रुपये व्हायला हवे होते, तुम्ही घेतलेत 2,900. चोवीस महिन्यांचे मिळून 14,850 रुपये जादा गेलेले, ते मुद्दलातून वळते होतात. पाच लाख ठेवले आणि परत आले 4,85,150! क्युम्युलेटिव्हमध्येही नुकसान साधारण तेवढंच होतं, पण ते न मिळालेल्या व्याजातून जातं, म्हणून मुद्दलाला हात लागलेला दिसत नाही.

काकूंचं गणित आम्ही त्याच चिठ्ठीच्या मागे केलं. पेन्शनमध्ये त्यांचं भागतं, फक्त महिनाअखेरीस दूध आणि औषधं मिळून हजार-अकराशे कमी पडतात. बचत खात्यात मोडता येतील असे पैसे नाहीत. मग पाच लाखांची एकच ठेव कशाला? दोन लाख दरमहा व्याजावर ठेवले की महिन्याला 1,160 रुपये येतात, उरलेले तीन लाख क्युम्युलेटिव्हमध्ये, तेही दीड-दीड लाखांच्या दोन पावत्यांत, म्हणजे मोडायची वेळ आली तर एकच मोडेल. चिठ्ठी घडी करून पर्समध्ये ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, "आणि ते सतरा रुपये कापतात ते मला परत एकदा सांग बघू."